‘पती’चा ‘पता’ करणारी ओळ : नमुने बनवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या कार्यालयांत, बँकांत, पतसंस्थांत आणि शाळांत पत्रांचे व फॉर्मचे नमुने तयार करणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

सात रस्त्याच्या बाजूला माझे टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान आहे. तुम्ही संगणकावर जो नमुना बनवता, तो छापून लोकांच्या हातात पडतो आणि तिथून पुष्कळदा माझ्या टेबलावर येतो. कुणाला तो वाचून हवा असतो, कुणाला भरून हवा असतो. म्हणून तुमच्या नमुन्यांतला एक दोष मला रोज दिसतो, जो तुम्हाला बहुधा दिसत नाही. अक्षरांचा वरचा भाग कापला जातो. वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, जे जे शिरोरेषेच्या वर असते ते अर्धे किंवा पूर्ण नाहीसे होते.

पूर्व भागातल्या एक ताई पावसाळ्यात दुकानात आल्या. नवरा यंत्रमागावर कामाला होता, वर्षापूर्वी वारला. एका कार्यालयात त्यांनी अर्ज दिला होता आणि तो ‘अपूर्ण’ असा शेरा मारून परत आला होता. “दादा, सगळं भरलंय, मग काय राहिलं ते तरी सांगा,” त्या म्हणाल्या. मी फॉर्म पाहिला. पहिल्या चौकटीत त्यांचे नाव होते. दुसऱ्या चौकटीत घर क्रमांक, गल्ली आणि पेठ. तिसऱ्या चौकटीत, जिथे पूर्ण पत्ता मागितला होता, तिथेही तोच पत्ता पुन्हा. दुसऱ्या चौकटीवर ठळक अक्षरांत छापले होते : ‘पता’.

मूळ शब्द ‘पती’ होता. ‘ती’ची वेलांटी छाटली गेली आणि उभा दांडा तेवढा उरला. आता दांडा उरलेली ‘ती’ आणि ‘ता’ यांत वाचणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही. त्यांच्या नववीतल्या मुलाने फॉर्म वाचून दाखवला होता. आपल्या सोलापुरात तेलुगू, कन्नड, हिंदी, मराठी एकाच गल्लीत नांदतात. त्या मुलाने ‘पता’ म्हणजे पत्ता असे सांगितले, आणि कागदावर जे छापले होते त्याचा तोच अर्थ होता. चूक त्या मुलाची नाही आणि ताईंची तर नाहीच.

मी त्या कार्यालयाच्या टेबलावर जाऊन विनंती केली आणि तिथल्या बाईंनी भल्या मनाने मला ती फाइल उघडून दाखवली. त्यांना स्वतःला नवल वाटले, कारण फाइलमध्ये शब्द ‘पती’ असाच होता. शोधले तर सापडत होता, कॉपी करून दुसरीकडे चिकटवला तर वेलांटीसह पूर्ण येत होता. म्हणजे टायपिंग बरोबर, शुद्धलेखन बरोबर, फॉन्टही चांगला. दोष होता परिच्छेदाच्या एका सेटिंगमध्ये. वर्डच्या Paragraph या खिडकीत Line spacing समोर `Exactly` निवडलेले होते आणि त्याच्या शेजारी `14 pt` लिहिलेले होते.

या सेटिंगचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. `Single` ठेवले की प्रोग्राम फॉन्टला विचारतो, तुला एका ओळीला किती उंची लागते, आणि तेवढी देतो. मराठी युनिकोड फॉन्टच्या आतच ही उंची लिहिलेली असते, आणि ती इंग्रजी फॉन्टपेक्षा बहुधा जास्त असते, कारण आपल्याकडे शिरोरेषेच्या वर एक अख्खा मजला आहे आणि खाली उकार-ऋकारांचा दुसरा. `Exactly` निवडले की प्रोग्राम फॉन्टला विचारतच नाही. तुम्ही १४ पॉइंट म्हटले की ओळीची पट्टी १४ पॉइंटांचीच, मग अक्षर १२चे असो की २४चे. पट्टीबाहेर जे जाईल ते कापले जाते.

आता ते वरूनच का कापले जाते, हा प्रश्न. लिबरऑफिसमध्ये याच सेटिंगला `Fixed` म्हणतात आणि तिथला हिशेब अगदी सरळ आहे. दिलेल्या उंचीतला ८० टक्के भाग अक्षर ज्या रेषेवर उभे राहते तिच्या वर आणि २० टक्के खाली. १४ पॉइंटांपैकी ११.२ वर आणि २.८ खाली. वर्डमध्येही कात्री वरच चालते. ही वाटणी इंग्रजीला सोयीची आहे. मोठ्या लिपीतले H किंवा छोटे h त्या ११.२मध्ये सुखाने बसते आणि वर जागा उरते. मराठीत शिरोरेषेपर्यंतचे अक्षर बसते, आणि खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

त्या फॉर्ममध्ये मजकूर १२ पॉइंटांत होता आणि चौकटींवरची नावे उठून दिसावीत म्हणून १६ पॉइंटांत ठळक केलेली होती. ओळीचे अंतर मात्र सगळीकडे तेच, १४. बाराच्या मजकुरात मात्रा-वेलांटी बऱ्याचशा वाचल्या होत्या. फक्त रफारावरचा आणि वेलांटीवरचा अनुस्वार गेला होता, आणि तो जाणे पटकन लक्षात येत नाही. सोळाच्या ठळक अक्षराची शिरोरेषा त्या पट्टीत कशीबशी मावली आणि वरचा मजला पूर्ण बाहेर राहिला. म्हणून नमुना करणाऱ्याने पानभर नजर फिरवली तेव्हा मजकूर ठीक वाटला, आणि दोन शब्दांचे मथळे, जे आपण वाचत नाही तर ओळखतो, ते डोळ्यांखालून निसटले. आपल्याला आधीच ठाऊक असते की तिथे ‘पती’ आहे. ज्याला ते पहिल्यांदा वाचायचे आहे, त्याला ते ठाऊक नसते.

शब्द नुसता बिघडला तर माणूस थांबतो आणि विचारतो. ‘शेती’चे ‘शता’ झाले तर कुणीही विचारेल. घात होतो तो बिघडलेला शब्द दुसरा खरा शब्द बनतो तेव्हा. ‘मंजूर’चा अनुस्वार गेला की ‘मजूर’. ‘दोन’ची मात्रा गेली की ‘दान’. आडनावाच्या रकान्यात ‘कोळी’ असेल तर मात्रा आणि वेलांटी दोन्ही जाऊन ‘काळा’ उरते. अक्कलकोट तालुक्यातून वाहणारी बोरी नदी ‘बारा’ होते. आणि उकार सगळे शाबूत असतात, शब्द खालून अगदी धडधाकट दिसतो, म्हणून तो कापलेला आहे अशी शंकाच येत नाही.

हे सेटिंग नमुन्यांत आले कुठून, तेही सांगतो, म्हणजे कुणाला दोष दिल्यासारखे होणार नाही. माझ्याकडे आलेल्या फाइलींत मला दोन वाटा दिसल्या. एक म्हणजे, नमुना मूळचा इंग्रजी पत्राचा. बारा पॉइंटांच्या इंग्रजीला चौदाचे पक्के अंतर दिले की पान बेतशीर दिसते. पुढे कुणीतरी तीच फाइल घेऊन त्यात मराठी मजकूर भरला. दुसरी वाट जुन्या फॉन्टांची. युनिकोडच्या आधी आपण जे फॉन्ट वापरायचो, त्यांत मराठी अक्षरे इंग्रजी कळांच्या जागी बसवलेली असत आणि मात्रा-वेलांटीसह तेवढ्याच उंचीत मावावीत म्हणून मुळात लहान काढलेली असत. म्हणूनच तेव्हा १६ किंवा १८ पॉइंट ठेवल्याशिवाय अक्षर वाचनीय होत नसे. त्या अक्षरांना पक्के अंतर चालून जायचे. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला, अक्षर मोठे झाले, आणि परिच्छेदाचे अंतर जुनेच राहिले. फॉन्ट बदलणाऱ्याने ओळीच्या अंतराकडे पाहिलेच नाही, कारण तसे कुणी सांगितलेच नव्हते.

तिसरे कारण मात्र जाणूनबुजून केलेले असते आणि त्याबद्दल मला जास्त बोलायचे आहे. पत्र एका पानात मावत नाही, तीन ओळी दुसऱ्या पानावर जातात, मग कुणीतरी `Exactly` करून आकडा खाली आणतो आणि पान जमवतो. त्याच्या संगणकावर त्याच्या फॉन्टमध्ये मात्रा जेमतेम वाचलेल्याही असतात. पण ती फाइल दुसऱ्या टेबलावर जाते, तिथे तो फॉन्ट नसतो, प्रोग्राम त्याच्या जागी मंगल किंवा निर्मला किंवा जे हाताशी असेल ते वापरतो. नव्या फॉन्टला उंची जास्त लागते. `Single` असते तर ओळ आपोआप उंच झाली असती. `Exactly`मध्ये ती होत नाही आणि कापाकापी सुरू होते. एका ठिकाणी तपासलेला नमुना दुसऱ्या ठिकाणी बिघडतो तो असा.

तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. ज्या ओळीबद्दल शंका आहे तिच्यावर कर्सर ठेवा आणि वर्डमध्ये `Ctrl+1` दाबा. त्याने ओळ `Single` होते. वेलांट्या उगवून आल्या, तर दोष ओळीच्या अंतराचाच होता. नाही आल्या, तर कारण दुसरे आहे. एक गल्लत मात्र नेहमी होते. तक्त्याच्या रांगेची उंचीही `Exactly` करता येते आणि तिच्यातही मजकूर कापला जातो, पण मजकूर रांगेच्या वरच्या कडेला लावलेला असेल तर तो खालून कापला जातो. आधी उकार जातात, मग शेवटची ओळच नाहीशी होते. तेव्हा वरून कापले असेल तर परिच्छेद पाहा आणि खालून कापले असेल तर तक्त्याची रांग पाहा.

दुरुस्तीसाठी `Exactly`च्या जागी `At least` निवडा, आकडा तोच राहू द्या. `At least 14 pt` म्हणजे ओळ चौदापेक्षा कमी होणार नाही, पण फॉन्टला जास्त लागले तर मिळेल. पूर्ण फाइलसाठी `Ctrl+A` करून Paragraph उघडा. Line spacing ची चौकट रिकामी दिसली तर समजा की फाइलमध्ये वेगवेगळी अंतरे मिसळलेली आहेत. तरीही `At least` निवडून आकडा द्या, तेवढेच बदलेल. डावी-उजवी जागा, मध्यभागी घेतलेले मथळे यांना धक्का लागत नाही. मात्र `Ctrl+A`मध्ये पानाच्या वरचे-खालचे शीर्षक आणि मजकुराच्या तरंगत्या चौकटी येत नाहीत. कार्यालयाचे नाव नेमके वरच्या शीर्षकात असते आणि तेच सर्वांत मोठ्या अक्षरात असते. तिथे वेगळे जाऊन बदलावे लागते. ही जागा विसरली जाते, हे मी खात्रीने सांगतो. खाली मजकूर स्वच्छ केलेला आणि लेटरहेडवर रफार नसलेला असे कागद माझ्याकडे आलेले आहेत.

ज्यांच्याकडे नमुना प्रोग्राममधून आपोआप भरला जातो, त्यांच्या संगणक विभागासाठी एवढेच. फाइलच्या आत दोष असा दिसतो :

```
<w:spacing w:line="280" w:lineRule="exact"/>
```

इथे २८० म्हणजे पॉइंटाचे विसावे भाग, अर्थात १४ पॉइंट. तो असा करा :

```
<w:spacing w:line="280" w:lineRule="atLeast"/>
```

`exact` खोडून `auto` लिहिले तरी कापणे थांबते, पण मग २८० हा आकडा पॉइंटांचा राहत नाही. `auto`मध्ये २४० म्हणजे एक ओळ, म्हणून २८०ची ओळ सुमारे १.१७ पट होईल आणि पान अनपेक्षित वाढेल. एकेरी अंतर हवे असेल तर आकडाही २४० करा.

आता पान वाढण्याबद्दल. दुरुस्ती केल्यावर एका पानाचे पत्र दीड पानावर जाईल, हे मला मान्य आहे, आणि तुमची खरी अडचण तीच आहे हेही कळते. माझ्या अनुभवात जागा ओळींत नसते, परिच्छेदांच्या मधे असते. नव्या वर्डमध्ये प्रत्येक परिच्छेदानंतर ८ पॉइंट मोकळे सोडलेले असतात. पंधरा परिच्छेदांचे पत्र असेल तर ते १२० पॉइंट झाले, म्हणजे जवळजवळ सव्वाचार सेंटिमीटर. ते ८चे ३ केले की ७५ पॉइंट हाती येतात आणि एकही मात्रा कापावी लागत नाही. त्यानेही भागले नाही तर पानाचा समास थोडा कमी करा, नाहीतर अक्षर बाराचे साडेअकरा करा. साडेअकराचे पूर्ण अक्षर बाराच्या कापलेल्या अक्षरापेक्षा म्हाताऱ्या डोळ्यांना सोपे जाते. `Multiple` निवडून ०.८ करू नका. आकडा एकाच्या खाली नेला की वर्डमध्ये तीच कात्री पुन्हा चालते.

काही ठिकाणी पक्के अंतर टाळता येत नाही. आधीच छापलेल्या रेघांच्या फॉर्मवर मजकूर उठवायचा असेल तर ओळ रेघेवरच पडायला हवी. तिथे `Exactly` ठेवा, पण आकडा अंदाजाने टाकू नका. जो फॉन्ट आणि जो आकार वापरणार त्यात ११ ओळी `Single`ने छापा, परिच्छेदांमधली मोकळी जागा शून्य करून. पहिल्या ओळीच्या शिरोरेषेपासून अकराव्या ओळीच्या शिरोरेषेपर्यंत पट्टीने मोजा. त्यात १० अंतरे येतात. एक पॉइंट म्हणजे ०.३५ मिलिमीटर. समजा ६३ मिलिमीटर आले, तर एका ओळीला ६.३ मिलिमीटर, म्हणजे १८ पॉइंट लागतात. छापील रेघांमधले अंतर त्याहून कमी असेल तर अक्षर लहान करायचे, ओळ दाबायची नाही. आणि तो फॉन्ट बदलला की मोजणी पुन्हा करायची.

प्रत्येक नमुन्यासाठी मी चाचणीची एक ओळ वापरतो, ती तुम्हीही घ्या : ‘अटी-शर्तींची पूर्तता केल्याने कोळी यांच्या पत्नीचे कर्ज बँकेने मंजूर केले.’ यातल्या ‘र्तीं’मध्ये रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आहेत. मराठी पत्रव्यवहारात ओळीच्या वर याहून जास्त गर्दी सहसा होत नाही. ही ओळ मजकुरात एकदा, मथळ्याच्या आकारात एकदा आणि पानाच्या शीर्षकात एकदा टाका आणि छापून पाहा, नुसती पडद्यावर नको. सगळे वरचे कापले गेले तर ती अशी वाचली जाईल : ‘अटा-शताचा पूतता कल्यान काळा याच्या पत्नाच कज बकन मजूर कल.’ एवढे जाणार नाही, पण ‘र्तीं’वरचा ठिपका गेला असेल तरी नमुना नापास समजा. आज बाराच्या अक्षरात ठिपका गेला, तर उद्या कुणी मथळा सोळाचा केला की वेलांटी जाईल.

त्या कार्यालयातल्या बाईंनी माझ्यासमोर फाइल दुरुस्त केली. चार क्लिकचे काम होते. पण जुन्या फॉर्मचे गठ्ठे छापून झालेले होते आणि ते अजून वाटले जात होते. म्हणून माझी शेवटची विनंती फाइलीबद्दल नाही, टेबलावरच्या कागदांबद्दल आहे. कापलेल्या मथळ्यांचे गठ्ठे शिल्लक असतील, तर निदान चुकीचे वाचले जाऊ शकतील एवढे शब्द पेनाने पूर्ण करून मगच फॉर्म द्यावा. आणि अशा फॉर्मवर कुणी चौकटीत भलतेच लिहिलेले आढळले, तर ‘अपूर्ण’ शेरा मारण्याआधी त्या चौकटीवर काय छापले आहे ते एकदा वाचून पाहावे. अर्जदाराला तिथेच बसवून दुरुस्ती करून घ्यावी, त्याला दुसऱ्या खेपेला बोलावू नये. त्या ताईंचा एक दिवसाचा रोज बुडाला होता.

नमुना तपासून हवा असेल त्यांनी पेन ड्राइव्हवर फाइल घेऊन दुकानात यावे. सकाळी अकराच्या आत गर्दी नसते, तेव्हा शांतपणे पाहता येईल. याचे मी पैसे घेणार नाही.

आपला,
सोलापुरातील एक टायपिंगवाला